नाटकाची वही, भाग ४: पदं गिळली, पदं सापडली

मागच्या वेळी लिहिलं होतं की टंकन संपलं, आता फक्त मांडणी उरली. त्या ‘फक्त’नं पाच रात्री खाल्ल्या. त्यात फोंड्यात पाऊस असा की लाईट सारखी जा-ये.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: काकांच्या आजोबांचं जत्रेतलं नाटक, ८६ फुलस्केप पानं, टाइपरायटरवरची, तीही कार्बन कॉपी. मुद्रितशोधन सोपं जावं म्हणून मी ओळीला ओळ उतरवली होती. डावीकडच्या मोकळ्या जागाही स्पेसनंच मारल्या. पात्राचं नाव मार्जिनला, संवादाची पुढची ओळ १४ स्पेस आत, पदाची ओळ २० स्पेस आत. तेव्हा स्वतःवर खूश होते.

आता ए४ वर तो संवाद सलग वाहायला हवा. म्हणजे ओळीच्या शेवटचा एंटर आणि त्यापुढच्या १४ स्पेस काढून तिथं एक स्पेस. वर्डमध्ये ‘सगळे बदला’ दाबलं, पाचशेच्यावर बदल झाले, मी चहा ठेवला. परत येऊन बघते तर नांदीसुद्धा सूत्रधाराच्या वाक्यात घुसलेली! नाटकातली सगळी पदं गद्य झालेली.

कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारला. वीस स्पेसमध्ये चौदा स्पेस असतातच की. वर्डला पहिल्या चौदा सापडल्या, त्यानं त्या उचलल्या आणि उरलेल्या सहा वाक्याच्या मधोमध सोडून दिल्या. त्या भोकांवरूनच चूक लक्षात आली, नाहीतर फाईल तशीच गेली असती.

उपाय क्रमात होता. आधी जास्त आतली ओळ खूण करून बाजूला काढायची, मग कमी आतली जोडायची. वर्डच्या भाषेत `^p` म्हणजे एंटर:

```
^p + 20 स्पेस  →  ^p%%
^p + 14 स्पेस  →  1 स्पेस
```

मग `%%` शोधून त्या परिच्छेदांना ‘पद’ ही शैली लावली आणि खूण पुसली. संवादांना हँगिंग इंडेंट दिला, नावानंतर एक टॅब. स्पेसनं खांब उभे करायचे दिवस टाइपरायटरबरोबर गेले. तिथं स्पेस नेहमी सारखीच पुढे सरकते, इथं फॉन्ट बदलला की खांब कलंडतो.

तरी जिथं माझा अंगठा घसरून १३ किंवा १५ स्पेस पडल्या होत्या, तिथं गडबड उरलीच. तेराच्या ओळी न जोडता राहिल्या. त्या `^p^w`, म्हणजे एंटरनंतर कितीही स्पेस, असं शोधल्यावर एकेक करून सापडल्या. पंधराच्या जोडल्या गेल्या, पण मध्ये दोन स्पेस सोडून; त्या दोन स्पेस शोधून काढल्या. (लिब्रेऑफिस मला एरवी आवडतं, पण परिच्छेद ओलांडून शोधायचं काम त्याच्या साध्या शोधात होत नाही. या कामाला वर्डच.)

ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द मात्र यंत्रावर सोडले नाहीत. ‘कर-’ आणि खाली ‘वलं’ असेल तर जोडायचं, पण ‘आई-’ आणि खाली ‘वडील’ असेल तर रेघ ठेवायची. हे डोळ्यांनीच.

शेवटी काकांना हा मेल पाठवला:

“नमस्कार काका,
नाटकाची मांडलेली फाईल सोबत जोडली आहे. एकही शब्द बदललेला नाही. बदल फक्त मांडणीत आहेत. टाइपरायटरवर जागा संपल्यामुळे तुटलेल्या ओळी जोडल्या आहेत. पदांच्या ओळी मुळात होत्या तशाच ठेवल्या आहेत. ओळीअखेर तोडलेले शब्द जोडले. आठ ठिकाणी रेघ हवी की नको ते मला ठरवता आलं नाही, तिथं पिवळा रंग केला आहे. फुलस्केपचा मजकूर ए४ वर आल्यानं पानं बदलली, म्हणून जुने पानांचे आकडे चौकोनी कंसात जागच्या जागी दिले आहेत. समासातल्या ‘पान ३४ पाहा’सारख्या नोंदी त्यावरून लागतील. पिवळं तेवढं तपासून कळवा.”

हा मेल चार वेळा लिहिला. पहिल्या खर्ड्यात हँगिंग इंडेंटचं पुराण होतं, ते काढलं. काकांना त्याचं काय? त्यांना फक्त भीती असते, आजोबांचं काही हरवलं तर नाही ना.

हे लिहिता लिहिताच सुचलं: पुढच्या वहीत स्पेस मारायच्याच नाहीत. टंकतानाच पदाला `%%` आणि पुढच्या ओळीला `##`. मोजणी नको, घसरणं नको.

आत्ताच काकांचा फोन येऊन गेला. पिवळं सगळं ठीक. “पण बाय, पान ४१ वर ते पद न्हय, नायिका पत्र वाचते ते.” पत्रसुद्धा आजोबांनी २० स्पेस आतच टंकलं होतं. म्हणजे वीस स्पेस फक्त ‘वेगळं काहीतरी’ एवढंच सांगतात, पद की पत्र ते नाही. आता ‘पद’ शैलीनं शोधून सगळ्या जागा पुन्हा वाचते आहे. पान १२ वरची ती राजाची दवंडी पण संशयास्पद वाटायला लागलीय.