परदेशी कार्डावर ऑटोपे बसत नाही: भारतातला नंबर चालू ठेवण्याचा माझा अनुभव

नंबर पुण्याचा, पोस्टपेड. मुक्काम मेलबर्नला. निघण्यापूर्वी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घेतलं होतं, सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत, डेटा रोमिंग बंद. बँकेचे ओटीपी येत होते आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नव्हते. इथवर कुणालाच त्रास होत नाही. त्रास बिल भरण्यात आहे, आणि तोही नेमका ऑटोपेमध्ये.

इथल्या बँकेच्या डेबिट कार्डाने पहिलं बिल कंपनीच्या ॲपमधून एका झटक्यात भरलं गेलं. म्हणून त्याच कार्डावर ऑटोपे लावायला गेलो, तर नोंदणी शेवटच्या पायरीवर फसली. पुन्हा केली, पुन्हा तेच. कस्टमर केअरने सांगितलं, ‘सर, दुसरं कार्ड ट्राय करा.’ केलं. मग तिसरं केलं. महिनाभर हाच सल्ला मिळत राहिला. कार्ड बदलून हा प्रश्न सुटणारच नव्हता, हे तिकडे एकालाही सांगता आलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

अडलं कुठे हे ओळखायची सोपी खूण आहे. नोंदणी फसली की लगेच परदेशातल्या बँकेचं ॲप उघडून व्यवहारांची यादी बघा. तिथे नाकारलेला व्यवहार दिसला, तर तुमच्या बँकेने अडवलंय. भारतातून आलेली मागणी संशयास्पद वाटली असेल, तर एका फोनवर ती मोकळी करून मिळते. पण यादीत काहीच नसेल, एक-दोन रुपयांची तात्पुरती रक्कमसुद्धा अडकलेली नसेल, तर मागणी भारताबाहेर पडलेलीच नाही. माझ्या तिन्ही कार्डांवर यादी कोरी होती.

कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून ते कुठल्या बँकेने, कुठल्या देशात दिलंय हे पेमेंट गेटवेला कळतं. एकवेळच्या पेमेंटला गेटवे परदेशी कार्ड घेतो, कारण समोर तुम्ही बसलेले असता आणि तुमची बँक तिच्या पद्धतीने खात्री करून घेते. ऑटोपेचा रस्ता वेगळा आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीला ई-मँडेट, म्हणजे ग्राहकाने आधीच नोंदवलेली परवानगी, लागते. सुरुवातीला ओटीपी देऊन मँडेटची नोंद करायची, पुढे दर वसुलीच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला सूचना पाठवायची, आणि ग्राहकाला नको असेल तर ती वसुली थांबवायची सोय द्यायची. २०२२ पासून बहुतेक बिलांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची वसुली अशी ओटीपीशिवाय होते. हे सगळं काम कार्ड देणाऱ्या बँकेच्या गळ्यात आहे आणि ही व्यवस्था भारतातल्या बँकांसाठी उभी केलेली आहे. मेलबर्नची बँक त्यात नाहीच. त्यामुळे मँडेट नोंदवायला कुणी नसतं आणि गेटवे बहुतेक वेळा दारातूनच परत पाठवतो. व्हिसा असो वा मास्टरकार्ड, डेबिट असो वा क्रेडिट, फरक पडत नाही.

एखाद्याचं परदेशी कार्ड नोंदलं जातंही. पण त्यावर विसंबू नका, कारण ते कधी फसेल हे कळत नाही आणि फसल्याचा एसएमएस रोजच्या जाहिरातींच्या ढिगात बुडतो. बिल थकलं की आधी लेट फी, मग आउटगोइंग बंद, मग इनकमिंग. आउटगोइंग बंद झालं तरी एसएमएस येत राहतात, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. तो काळ म्हणजे शेवटची संधी. इनकमिंग बंद झालं की भारतातल्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्याचं कार्ड हातात असूनही बिल भरता येत नाही, कारण त्याचा ओटीपी त्याच बंद नंबरवर जातो. बिल भरायला नंबर हवा आणि नंबरसाठी बिल भरायला हवं, अशी ती गाठ आहे.

माझी गाठ भावाने सोडवली. बिल भरायला नंबर तुमच्या नावावर असावा लागत नाही. कुठल्याही यूपीआय ॲपमध्ये मोबाइल पोस्टपेडमध्ये जाऊन कंपनी निवडली आणि नंबर टाकला की थकबाकी दिसते, कुणीही भरू शकतं. दोन मिनिटांचं काम होतं आणि मी तीन कार्डं घेऊन बसलो होतो.

कायमचा उपाय म्हणून मी ऑटोपेचा नादच सोडला. डिसेंबरमध्ये पुण्याला आल्यावर नंबर प्रीपेड करून घेतला. आधी बिल शून्यावर आणायचं, मग त्याच नंबरवर आलेल्या ओटीपीने बदल होतो. मध्ये थोडा वेळ नेटवर्क जातं. हे परदेशात बसून करू नका. प्रीपेड झाल्यावर रोमिंग चालू आहे ना हे पुन्हा तपासावं लागतं, आणि नसेल तर भारतात असताना दुकानात जाऊन सोडवता येतं. मग वर्षाचा प्लॅन घेतला. दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमामुळे कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, बिनडेटाचे प्लॅन ठेवावे लागतात आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. आपल्याला डेटा लागतच नाही. मात्र ‘वार्षिक’ म्हणवणारे काही प्लॅन ३३६ दिवसांचे असतात, तेव्हा दिवस मोजून घ्या.

बरेच जण सांगतात की शिल्लक २० रुपये ठेवली की नंबर जात नाही. ट्रायचा तसा नियम आहे, पण तो ९० दिवस न वापरलेला नंबर काढून घेण्याबद्दल आहे. प्लॅनची मुदत संपल्यावर ओटीपी येत राहतील, असं तो म्हणत नाही. आणि नंबर एकदा कायमचा बंद झाला की ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणालाही दिला जाऊ शकतो.

यूपीआयचं आधी सांगायला हवं होतं. एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर काही देशांच्या नंबरवर यूपीआय सुरू होतं. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, सिंगापूर, यूएई त्यात आहेत. बँकेच्या नोंदीत परदेशी नंबर असावा लागतो, बँकेने ही सोय दिलेली असावी लागते, आणि नोंदणीच्या वेळी फोनमधल्या त्या सिमवरून भारतात एक एसएमएस जातो, त्याचे आंतरराष्ट्रीय दराने पैसे पडतात. ते परदेशी सिम प्रीपेड असेल आणि त्यावर शिल्लक नसेल तर नोंदणी तिथेच फसते आणि ॲप कारण सांगत नाही. एकदा जमलं की वर सांगितलेली गाठ उरत नाही, कारण पैसे भरायला भारतातल्या नंबरचा ओटीपी लागत नाही, फक्त पिन लागतो. ऑटोपेच हवा असेल तर तोही यूपीआयवर लावा, नाहीतर एनआरओ डेबिट कार्डावर. कार्डाची मुदत संपली की त्यावरचं मँडेटही संपतं, एवढं ध्यानात ठेवा.

मी प्लॅन संपायच्या पंधरा दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावली आहे, माझ्या आणि भावाच्याही. रिचार्ज दुसऱ्याने केला तर नंबर टाइप करून पाठवू नका, कॉपी करून पाठवा. एक आकडा चुकला तर वर्षाचे पैसे भलत्याच्या नंबरवर जातात आणि ते परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. रिचार्जनंतर ॲपमध्ये नवी तारीख दिसते का बघा. काही ठिकाणी नवा प्लॅन जुना संपेपर्यंत रांगेत थांबतो, तेव्हा मुदतीची तारीख न बदललेली पाहून घाईने दुसरं रिचार्ज मारू नका.