वर्षभर नको, ऑक्टोबरपुरतं

"ताई, लिंक्डइनचं प्रीमियम घ्यावं का? मी एकटाच कन्सल्टिंग करतो, महिन्याला तेवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?"

वर्षातला एक महिना घ्या. तेही हातात चाळीस नावांची यादी तयार असेल तर. मी असंच करते, आणि का करते ते जरा हिशोबानिशी सांगते.

माझं काम कॉम्प्रेस्ड एअरचं. कारखान्यात हवेच्या लाइनला गळती कुठे आहे, कॉम्प्रेसर रिकामा किती वेळ फिरतो, प्रेशर गरजेपेक्षा जास्त का ठेवलंय, हे मोजून अहवाल द्यायचा. माझी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. शिरोली, भोसरीकडचे फाउंड्रीवाले आणि छोटे मशीन शॉपवाले हा एक प्रकार. ते लिंक्डइनवर असले तरी खातं मुलाने उघडून दिलेलं असतं. त्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर आणि एकमेकांच्या शब्दावर चालतं. दुसरा प्रकार चाकण, रांजणगावच्या मोठ्या कंपन्यांचे प्लँट हेड आणि मेंटेनन्स मॅनेजर. त्यांच्या गेटवर सिक्युरिटी आपल्याला आत सोडत नाही, बोर्डलाइनवर फोन केला तर "मेल टाका" म्हणतात. पण लिंक्डइन ते उघडतात. म्हणजे प्रीमियमचा विचार मी फक्त या दुसऱ्या प्रकारासाठी करायचा. पहिल्या प्रकारातल्या माणसासाठी त्यात एक रुपया घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता पैसे देऊन मिळतं काय? जाहिरातीत बरंच काही असतं, पण आपल्यासारख्याच्या कामाच्या गोष्टी दोनच: शोधायची मुभा आणि अनोळखी माणसाला थेट निरोप.

शोधायचं आधी सांगते. फुकटच्या खात्यावर तुम्ही माणसं फार शोधायला लागलात, की महिन्याच्या मध्येच "तुमची मर्यादा संपत आली" अशी सूचना येते. नेमका आकडा ते सांगत नाहीत. मोजणी दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा शून्यापासून सुरू होते. नाव टाकून एखाद्याला शोधलं तर ते या मर्यादेत धरत नाहीत. म्हणून मी नावं बाहेरून काढते, गूगलमध्ये असं टाकून:

```
site:linkedin.com/in "plant head" Chakan
site:linkedin.com/in "maintenance manager" Ranjangaon
```

नाव आणि कंपनी तिथेच दिसते. मग लिंक्डइनवर फक्त ते नाव शोधायचं. दोन रविवार दुपारी बसलं तर चाळीस नावं सहज होतात. म्हणजे निदान माझ्यापुरतं तरी शोधण्यासाठी पैसे भरायचं कारण उरत नाही.

राहिला निरोप. ओळख नसलेल्या माणसाला लिहायचं तर इनमेल लागतो. प्रीमियम बिझनेसमध्ये महिन्याला १५ इनमेल मिळतात, करिअरच्या योजनेत ५, आणि सेल्स नॅव्हिगेटरमध्ये ५०. यातली एक खुबी बऱ्याच जणांना माहीत नसते: समोरच्याने ९० दिवसांत उत्तर दिलं तर तो इनमेल तुमच्या खात्यात परत जमा होतो. उत्तर "नको" असलं तरी. त्यामुळे इनमेल खर्च होतो तो फक्त गप्प बसणाऱ्यांवर. निरोप इतका नेमका हवा की माणसाला निदान "आत्ता नको" असं लिहावंसं वाटलं पाहिजे.

गेल्या ऑक्टोबरची माझी वही समोर ठेवूनच सांगते. ऑक्टोबर अशासाठी, की ज्या कंपन्यांचं मुख्यालय युरोपात आहे त्यांचं वर्ष बहुधा जानेवारीला सुरू होतं आणि पुढच्या बजेटची ओढाताण या सुमारास चालू असते. एप्रिल ते मार्च धरणाऱ्यांसाठी हाच महिना जानेवारीत घ्यावा लागेल.

यादीत चाळीस जण होते. त्यातले बावीस माझ्या कोणा ना कोणा ओळखीच्यांचे ओळखीचे निघाले. त्यांना साधी कनेक्शन रिक्वेस्ट पुरते, इनमेल लागत नाही. फुकटच्या खात्यावर रिक्वेस्टसोबत चार ओळी लिहायची सोय महिन्याला मोजक्याच वेळा मिळते, म्हणून त्या ओळी मी महत्त्वाच्या माणसांसाठी राखून ठेवल्या. बाकीच्यांना नुसती रिक्वेस्ट पाठवली आणि स्वीकारल्यावर लिहिलं. तिघांचं प्रोफाइल 'ओपन' होतं, म्हणजे प्रीमियमवाल्याने स्वतःहून सर्वांना निरोपाची मोकळीक दिलेली. त्यांनाही पैसे न मोजता लिहिता आलं. उरले पंधरा. बरोब्बर पंधरा इनमेल. हा योगायोग नव्हे, यादी मी तशीच छाटली होती.

निरोप काय लिहिला? "आम्ही ऊर्जा बचतीच्या सर्वोत्तम सेवा देतो" असं लिहिलं असतं तर मीसुद्धा वाचलं नसतं. मी लिहिलं: तुमच्याकडे पेंट शॉप आहे असं दिसतं. हवेच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल तर ७ बारला त्यापायी साधारण ३ किलोवॅट वीज जाते. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला ८ रुपये धरले, तर एका भोकाचे १,४४,००० रुपये. रविवारी शिफ्ट बंद असताना तुमचा कॉम्प्रेसर किती मिनिटांनी लोडवर येतो, एवढं एकदा बघून सांगाल का? बस. माझ्या सेवेबद्दल एक ओळ, शेवटी. प्रश्न असा ठेवला की उत्तर द्यायला त्याला माझी गरज नाही, पण उत्तर बघून गरज वाटेल.

पंधरापैकी चौघांनी उत्तर दिलं. दोघांनी "आमचं हे काम ठरलेल्या एजन्सीकडे आहे" असं कळवलं. एकाने युटिलिटीच्या माणसाचं नाव दिलं. एकाने खरोखर मिनिटं मोजून आकडा पाठवला, आणि तिथेच काम झालं. जमा झालेल्या चार इनमेलवर आणखी चौघांना लिहिलं, ते चौघेही गप्प. एकूण एकोणीस निरोप, एक काम, ६५,००० रुपये. प्रवास, अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टरचं भाडं, मदतनीसाचे दोन दिवस वजा करून ४५,००० हातात राहिले.

दर वेगवेगळे दिसतात, सवलतीही बदलतात. तुमच्या स्क्रीनवर येईल तो आकडा घ्या. हिशोबाला सोपं म्हणून महिन्याला २,००० धरू, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. वर्षभराचे २८,३२०. एका महिन्याच्या २,३६० समोर ४५,००० ठेवले तर सौदा झकासच. पण त्याच कामाच्या जोरावर वर्षभराची वर्गणी भरली तर उरलेल्या अकरा महिन्यांचं काय? माझ्याकडे दर महिन्याला नवे पंधरा प्लँट हेड नाहीत. तेच चेहरे पुन्हा, आणि एकदा गप्प राहिलेला माणूस दुसऱ्या इनमेलला जास्तच गप्प राहतो. न वापरलेले इनमेल साठतात, तेही फार काळ टिकत नाहीत.

आणि खरा खर्च वर्गणीचा नव्हेच. एकेका निरोपाला मला चाळीस मिनिटं लागली: कंपनी काय बनवते, पेंट शॉप आहे का, माणूस त्या खुर्चीत किती दिवस आहे. एकोणीस निरोपांचे साडेबारा तासांहून जास्त. ते तास नसतील तर वर्गणी फुकट मिळाली तरी उपयोग नाही. तास असतील तर त्याच बावीस फुकटच्या रिक्वेस्टवरही ते घाला. त्यातल्या तेरा जणांनी ओळख स्वीकारली आणि दोन कामं आली. एक तर माझ्याच जुन्या सहकाऱ्याच्या साडूकडून. ओळखीपाळखीची ही वाट इनमेलपेक्षा जुनी, पण चालते.

'तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं' ही यादी बघायला गंमत वाटते. माझ्या यादीत निम्मे विमावाले आणि माझ्यासारखेच कन्सल्टंट असतात. ज्याने खाजगी पद्धतीने बघायचं ठरवलंय त्याचं नाव प्रीमियमलाही कळत नाही. एकच वेळ तिचा उपयोग होतो: कोटेशन गेल्यावर त्याच कंपनीच्या परचेसमधलं कोणी प्रोफाइलवर येऊन गेलं, तर समजावं की कागद मेंटेनन्सच्या टेबलावरून पुढे सरकला. पण तुमच्याकडे दिवसाला दोन माणसं येत असतील तर फुकटच्या खात्यावर दिसणारी शेवटची मोजकी नावंसुद्धा त्याला पुरतात. प्रीमियमवाल्याच्या प्रोफाइलवर दिसणाऱ्या सोनेरी चिन्हाचं तर सोडाच. माझं चिन्ह बघून कोणी फोन केल्याचं आठवत नाही. "आधी कुठे काम केलंय, तिथला नंबर द्या" हेच विचारतात.

वर्षभर घेणारेही मला माहीत आहेत, आणि ते वेडे नाहीत. ठाण्याची एक मैत्रीण युरोपातल्या खरेदीदारांना इथले पुरवठादार शोधून देते. तिथे तिचा ना कोणी साडू ना जुना सहकारी, रोज नवी माणसं आणि सगळी इंग्रजी लिहिणारी, लिंक्डइनवरच वावरणारी. तिला ते परवडतं. मला नाही.

घेणारच असाल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिला महिना फुकट मिळत असेल तर तो यादी आणि निरोप तयार झाल्यावरच सुरू करा, कारण एकदा वापरला की वर्षभर तरी पुन्हा मिळत नाही. पुष्कळ जण तो उत्सुकतेपोटी सुरू करतात आणि लोकांची प्रोफाइलं चाळण्यात घालवतात. सुरू केल्याच्याच आठवड्यात फोनमध्ये मुदतीच्या चार दिवस आधीचं रिमाइंडर लावा. बंद केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत सगळं चालू राहतं, पण शिल्लक इनमेल त्यानंतर जातात, म्हणून आधी ते संपवा. आयफोनच्या ॲपमधून घेतलं असेल तर बंदही ॲपलच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन करावं लागतं, लिंक्डइनवर बटण शोधत बसू नका.

दुसरी करांची. "खर्चात दाखवता येईल ना" असं म्हणून बरेच जण स्वतःची समजूत घालतात. तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाका, त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं. पण माझ्यासारखे तुम्हीही आयकर ४४एडीएच्या पद्धतीने भरत असाल, म्हणजे जमेच्या ५० टक्के नफा धरून, तर वेगळे खर्च दाखवायला जागाच नसते. वर्गणी भरली काय, न भरली काय, कर तेवढाच. ते २,००० सरळ खिशातूनच गेले असं धरून हिशोब करा.