तिसऱ्या दिवशीची तपासणी

रात्रीचे अकरा. आज त्या चोविशीतल्या मुलाचा तक्ता पुन्हा भरला.

झाडावरून पडून आला तेव्हा मानेतला पाचवा मणका सहाव्यावरून सरकलेला होता. कोपर पूर्ण ताकदीने वाकत होतं, मनगट गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेमतेम उचललं जात होतं, पण कोपर सरळ करता येत नव्हतं. स्पर्श आणि टाचणीची टोच अंगठ्यापर्यंत नीट कळत होती, मधल्या बोटापासून खाली काहीच नाही. म्हणजे मज्जारज्जूच्या इजेची पातळी सी-६, मानेतला सहावा भाग. मनगटाला पाचपैकी तीनच गुण असले तरी चालतात, वरचे स्नायू पूर्ण ताकदीचे हवेत.

पातळी ठरवणं सोपं होतं. इजा पूर्ण की अपूर्ण, हे मात्र गुदद्वाराच्या तपासणीवर ठरतं. मज्जारज्जूचं शेवटचं टोक, एस-४ आणि एस-५, तिथे कळतं. तिथला स्पर्श, टोच, आत बोटाने दिलेला दाब आणि आवळण्याची ताकद, यातलं एकही नसेल तर श्रेणी ए. पहिल्या रात्री काहीच नव्हतं. मी ए लिहिलं. मॅडमनी शेजारी वेळ लिहायला लावली आणि म्हणाल्या, "ही आजची श्रेणी आहे. बहात्तर तासांनी परत बघ."

त्या रात्री पाय लुळे होते, एकही प्रतिक्षेप येत नव्हता. हा स्पायनल शॉक. रक्तदाब ८४/५० होता, नाडी ४८ आणि हातपाय गरम. हे वेगळं, याला न्यूरोजेनिक शॉक म्हणतात. रक्तस्राव झाला असता तर नाडी सहसा धावली असती. तरी पोटात, छातीत रक्तस्राव नाही याची खात्री आधी केली. मग सलाईन ओतत न बसता नॉरअ‍ॅड्रेनलिन लावून सरासरी दाब ८५ च्या वर ठेवला. सूजलेल्या मज्जारज्जूला रक्त पुरायला हवं.

काल लघवीचा कॅथेटर हलकेच ओढल्यावर गुदद्वार आकसलं. आईंनी नर्सकडून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे सुधारतोय ना?" मला फार जड गेलं. हा प्रतिक्षेप मेंदूला न विचारता येतो. तो परतला म्हणजे शॉक ओसरू लागला एवढंच. तो परतूनही खाली संवेदना नसेल, तर ती उलट वाईट खूण. हे त्यांना खाली बसून, हळूहळू सांगितलं.

आज त्याला डोळे मिटायला सांगितलं. बोटाने दाब दिला आणि थांबलो. "आता," तो म्हणाला. काढल्यावर, "आता नाही." मुद्दाम दोनदा दाब न देता विचारलं, तेव्हा "नाही"च म्हणाला. पाचही वेळा बरोबर. पायात हालचाल अजून नाही, गुद आवळता येत नाही. पण श्रेणी आता बी.

आईंना बीचा अर्थ सांगितला: संवेदनेची वाट थोडी उघडी आहे. ए असलेल्यांपेक्षा याला हालचाल परत येण्याची शक्यता जास्त, चालेल का ते आज सांगता येत नाही. दोन वाजता मान आणि पाठ एका रेषेत धरून त्याला कुशीवर वळवायचंय. चार माणसं लागतील, आत्ताच सांगून ठेवतो.