वीरभद्रासन २: सहा आठवडे, दोन फोटो आणि एक लपलेला गुडघा

आठवडा १

उजव्या बाजूचं वीरभद्रासन २ केलं की दुसऱ्या दिवशी त्याच गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणका लागायचा. आरशात बघितलं तर सगळं जागच्या जागी दिसे: नडगी उभी, मांडी जवळजवळ आडवी, हात सरळ. पण आरशाकडे बघायला मान वळवली की धडही थोडं वळतं, म्हणजे आपण जे आसन तपासतो ते आपलं नेहमीचं आसन नसतंच. म्हणून फोटो काढून मोजायचं ठरवलं.

पहिले फोटो वाया गेले. लेकीने उभ्याउभ्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढले होते. वरून घेतलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि मांडीचा उतार बदलतो. नंतरचे फोटो तिने जवळून, ०.५ च्या रुंद लेन्सने घेतले, त्यात कडेचा पाऊल-घोटा ताणला गेला. आता फोन तीन मीटरवर स्टुलावर उभा ठेवते, लेन्स माझ्या कमरेच्या उंचीला, झूम १ वर. मागच्या भिंतीवर दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडलाय. फोटोत तो दोरा चौकटीच्या कडेला समांतर नसला, तर फोन कललेला आहे हे लगेच कळतं.

टायमरवर धावत जाऊन घेतलेलं आसनही खरं नसतं. म्हणून व्हिडिओ लावते आणि चौथ्या श्वासाची चौकट थांबवून घेते. तोवर अंग जिथे सैल पडायचं तिथे पडलेलं असतं.

आठवडा २: समोरचा फोटो

हाडांच्या जागा दिसाव्यात म्हणून टिकल्या लावल्या: कमरेच्या पुढच्या दोन्ही हाडांच्या टोकांवर, दोन्ही खांद्यांच्या टोकांवर, गुडघ्याच्या आणि घोट्याच्या मध्यावर. कमरेच्या टिकल्या आसनात गेल्यावर लेकीकडून लावून घेते (“आई, हलू नकोस, हाड सापडत नाहीये!”), कारण उभं असताना लेगिंगवर चिकटवलेली टिकली पाय वाकवला की कापडाबरोबर चांगली दोन सेंटिमीटर सरकते.

कॅमेरा छातीसमोर. जांघ, गुडघा आणि घोटा यांचे बिंदू फोटो एडिटरमध्ये वाचले. जांघेपासून गुडघा ५५० पिक्सेल लांब आणि ८० पिक्सेल खाली. गुडघ्यापासून घोटा ५७० पिक्सेल खाली आणि फक्त १० पिक्सेल पुढे. स्प्रेडशीटमध्ये दोन उतार काढले:

```
=DEGREES(ATAN(80/550))
=DEGREES(ATAN(10/570))
```

पहिला ८.३, दुसरा १.० अंश. मांडी आडवीपेक्षा तेवढी वर आणि घोटा गुडघ्याच्या किंचित पुढे, म्हणून दोन्ही ९० मध्ये मिळवायचे: गुडघ्याचा कोन ९९ अंश. तोच फोटो तीन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा वाचला तेव्हा ९७, ९९ आणि १०१ आले. म्हणजे बिंदू ठेवण्यातच दोन अंशांची चूक होते. दोन फोटोंत गुडघ्याच्या कोनात चार अंशांपेक्षा कमी फरक असला, तर मी तो फरक मानत नाही.

कणा: दोन्ही कमरेच्या टिकल्यांच्या मध्यापासून गळ्याखालच्या खोबणीपर्यंत रेघ ओढली. ६२० पिक्सेल उंचीत ती ४८ पिक्सेल उजव्या गुडघ्याकडे गेलेली, म्हणजे धड साडेचार अंश पुढच्या पायावर झुकलंय. खांद्यांच्या टिकल्यांची रेघही त्याच बाजूला खाली. पुढचा हात पडतोय असं मला वर्षभर वाटत होतं आणि मी तो उचलत राहिले, पण खांदे धडाबरोबर कलले होते. मागच्या टाचेच्या बाहेरच्या कडेवर वजन घेतल्यावर धड उभं झालं आणि खांद्यांची रेघ आपोआप आडवी झाली.

गुडघ्याचा कोन मात्र चांगला निघाला आणि ठणका तसाच राहिला.

आठवडा ३: बोटांच्या बाजूचा फोटो

इथे मला मूळ गोष्ट कळली. समोरचा फोटो वर-खाली आणि डावं-उजवं दाखवतो, कॅमेऱ्याच्या दिशेने झालेली हालचाल त्यात जवळजवळ दिसत नाही. उजवं पाऊल बाहेर वळवलेलं असताना पायाची आतली बाजू कॅमेऱ्याकडे असते. गुडघा आत पडतो तो नेमका लेन्सच्या दिशेने. त्यामुळे नडगी समोरून सरळ दिसते आणि गुडघा तिकडे आत कोसळलेला असू शकतो.

मग फोन उजव्या पावलाच्या बोटांसमोर ठेवला. इथे जागा चुकली की सगळं चुकतं: लेन्स थोडी बाजूला असली तरी गुडघा बोटांपेक्षा आत किंवा बाहेर गेल्यासारखा दिसतो. फरशीचा एक लांब सांधा निवडला, टाचेचा मध्य आणि दुसरं बोट त्यावर ठेवलं आणि फोनही त्याच सांध्यावर. घोट्याशेजारी १५ सेंटिमीटरची पट्टी उभी केली. गुडघा घोट्याच्या वर असल्याने दोघांचं कॅमेऱ्यापासून अंतर सारखंच, म्हणून माप तिथलंच घ्यायचं. पुढे आलेला हात लेन्सकडे येऊन अर्धं धड झाकतो, म्हणून या फोटोपुरते हात छातीवर घडी घालते.

गुडघ्याच्या मध्यापासून खाली सोडलेली रेघ दुसऱ्या बोटाच्या ४ सेंटिमीटर आत पडली, अंगठ्याच्याही पलीकडे. पाऊल बाहेर आणि मांडी आत, मधला सगळा पीळ गुडघ्यावर. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकतो, एवढा पीळ त्याला सोसत नाही.

याच फोटोत धड बाजूने दिसतं, म्हणून कमरेचा खोलगटपणाही इथेच कळतो. तो माझ्या समजुतीपेक्षा जास्त होता.

आठवडा ४: कारण

माझ्या शिक्षिकांनी सुरुवातीला सांगितलेलं, “कंबर भिंतीला समांतर ठेवा.” मी ती हट्टाने तशी ठेवत होते. कंबर किती वळली हे समोरच्या फोटोतून काढता येतं: वळल्यावर दोन टिकल्यांमधलं अंतर आखूड दिसतं. ताडासनात ते २१० पिक्सेल होतं, आसनात २०५. गुणोत्तराचा व्यस्त कोसाइन घेतला की सुमारे १३ अंश येतात. कोन लहान असताना दोन-तीन पिक्सेलनेही उत्तर बरंच हलतं, तेव्हा तो आकडा “जवळजवळ वळलीच नाही” एवढ्याच अर्थाने घ्यायचा.

माझ्या जांघेचा सांधा तेवढा बाहेर उघडत नाही. कंबर धरून ठेवली की मांडी आत येते आणि गुडघाही. म्हणून डावी कंबर थोडी पुढच्या पायाकडे वळू दिली. अंतर १८५ पिक्सेल झालं, म्हणजे साधारण २८ अंश. रेघ दुसऱ्या बोटाच्या फक्त अर्धा सेंटिमीटर आत.

याची किंमत लगेच दुसऱ्या फोटोत दिसली: कंबर वळल्यावर छातीही वळली आणि मागचा खांदा पुढे आला. आता कंबर वळू देते, पण बरगड्यांपासून वर धड डावीकडे फिरवते. टाचही भिंतीला लावली, त्याने मागचा पाय जागेवर राहतो.

आठवडा ६

उजवीकडे गुडघ्याचा कोन १०४ अंश. मागे गेले म्हणाल तर खरंय, पण गुडघा रेघेवर टिकवायचा तर सध्या एवढंच वाकता येतं आणि मला हा सौदा पटतो. धडाचा कल दीड अंशावर आला. ठणका दोन आठवडे नाही.

डाव्या बाजूचे फोटो काल पहिल्यांदा घेतले. गुडघा थेट दुसऱ्या बोटावर, पण धड सहा अंश झुकलेलं. पुढच्या रविवारी डावीकडून सुरुवात.