एका बाजूला १६८, दुसऱ्या बाजूला १२१: पेशी मोजण्याचा अनुभव

हीमोसायटोमीटर म्हणजे पेशी मोजायची, जाळी आखलेली जाड काच. तिचं गणित कुणालाही पाच मिनिटांत समजतं. मला अडकवलं ते त्याआधीच्या कामानं, म्हणजे तिच्या चेंबरमध्ये जाणारा थेंब खरोखर पूर्ण ट्यूबमधल्या द्रवासारखाच आहे का, या प्रश्नानं.

काम साधं होतं. फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढलेल्या पेशी ट्रिप्सिननं सोडवल्या, सेंट्रिफ्यूज करून ताज्या मीडियममध्ये घेतल्या. आता ५ मिली सस्पेन्शन हातात होतं. त्यातून सहा खणांच्या प्लेटमध्ये दर खणाला १ लाख जिवंत पेशी टाकायच्या होत्या. त्यासाठी एका मिलीत किती पेशी आहेत ते कळायला हवं.

ट्यूब हलक्या हातानं उलटी-सुलटी करून ५० मायक्रोलीटर सस्पेन्शन छोट्या ट्यूबमध्ये घेतलं आणि त्यात ०.४ टक्क्याचा ट्रिपॅन ब्लू तेवढाच, ५० मायक्रोलीटर, मिसळला. दहा-दहा मायक्रोलीटरवरही भागतं, पण टिपच्या बाहेर चिकटलेला थेंब तिथे फार मोठा ठरतो. हा रंग हाताळताना हातमोजे हवेतच. बाटली जुनी असेल तर रंगाचे बारीक खडे तयार होतात आणि ते मेलेल्या पेशींसारखे दिसून फसवतात, म्हणून तो आधी गाळून घेतलेला बरा.

रंगाचं तत्त्व असं की जिवंत पेशीचं आवरण शाबूत असतं, ते ट्रिपॅन ब्लूला आत शिरू देत नाही. पेशी मेली की आवरण फाटतं, रंग आत जाऊन प्रथिनांना चिकटतो आणि पेशी निळी होते. जिवंत पेशी मात्र चकचकीत, गोल, कडेला उजळ वलय असलेली दिसते. पण हा रंग पेशींना विषारीही आहे. मिश्रण बराच वेळ ठेवलं तर धडधाकट पेशीही निळ्या होऊ लागतात. आमच्याकडे मिसळल्यापासून तीन ते पाच मिनिटांत मोजणी उरकायची, असा दंडक आहे. शिवाय जी पेशी मरणाच्या वाटेवर आहे पण जिचं आवरण अजून टिकून आहे, ती या रंगाला जिवंतच दिसते. त्यामुळे रंगानं दिलेला जिवंत पेशींचा टक्का नेहमी थोडा उदारच समजावा.

मग चेंबर. काच आणि जाड कव्हरस्लिप अल्कोहोलनं पुसून कोरडी केली आणि कव्हरस्लिप दाबून बसवली. कडेला इंद्रधनुषी कडी दिसली की ती नीट टेकली आहे असं समजायचं. हे शोभेसाठी नाही. काच आणि कव्हरस्लिप यांच्यातलं अंतर बरोबर ०.१ मिमी असायला हवं, आणि पुढचं सगळं गणित त्या अंतरावर उभं आहे. कडेला पिपेटचं टोक लावून १० मायक्रोलीटर सोडले की द्रव आपोआप आत ओढला जातो. तो बाजूच्या खाचेत सांडला किंवा कव्हरस्लिप उचलली गेली तर पुसून पुन्हा भरायचं. थर जाड झाला की त्याच चौकोनाखाली जास्त द्रव येतो आणि आकडा फुगतो.

सुधारित न्यूबावर चेंबरच्या जाळीत १ मिमी बाजूचे नऊ मोठे चौकोन असतात. मधल्यात पुन्हा २५ चौकोन आणि त्या प्रत्येकात १६ बारीक घरं, पण ती रक्तातल्या तांबड्या पेशींसारख्या लहान आणि दाट नमुन्यांसाठी. माझ्या पेशींना कोपऱ्यातले चार मोठे चौकोन पुरेसे होते. १० पटींच्या वस्तुभिंगाखाली एक चौकोन नजरेत येतो. रेषेवर बसलेल्या पेशींचं काय? वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या. नियम उलटा धरला तरी चालतो, मात्र मोजणीभर तोच ठेवायचा. नाहीतर दोन चौकोनांमधली पेशी दोनदा मोजली जाते.

चेंबरला दोन बाजू असतात. पहिल्या बाजूच्या चार चौकोनांत जिवंत पेशी १६८ आल्या. दुसऱ्या बाजूला १२१.

मी सरासरी काढायला निघाले होते, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या सीनियर ताईनं थांबवलं. "आधी बघ, हा फरक नशिबाचा आहे की हाताचा," ती म्हणाली. तिची युक्ती तेव्हापासून मी सोडलेली नाही. दोन्ही आकड्यांची बेरीज २८९, तिचं वर्गमूळ १७. पेशी द्रवात सारख्या पसरलेल्या असतील तर दोन बाजूंमधला फरक बहुतेक वेळा याच्या दुपटीच्या आत, म्हणजे ३४ च्या आत राहतो. माझा फरक होता ४७. दोन्ही आकडे एकाच सस्पेन्शनचे आहेत यावर विश्वास ठेवणं कठीण होतं.

कारण ताईनंच दाखवलं. पहिली बाजू भरून दुसरी भरेपर्यंत निळी ट्यूब स्टँडमध्ये उभी होती. पेशी पाण्यापेक्षा जड, त्या सावकाश खाली बसतात, आणि पिपेटचं टोक वरच्या विरळ भागात गेलं होतं. सरासरी काढली असती तर एका बऱ्या आणि एका वाईट आकड्याचा मधला आकडा मिळाला असता, खरा नव्हे.

मोठी ट्यूब पुन्हा मिसळून नवा नमुना घेतला, रंग घातला आणि प्रत्येक बाजू भरण्याआधी टिपनं चार-पाच वेळा द्रव वर-खाली केला, फेस न आणता. आता १६७ आणि १५७ आल्या. बेरीज ३२४, वर्गमूळ १८, फरक फक्त १०. मेलेल्या निळ्या पेशी दोन्ही बाजूंना मिळून २४. गुठळ्याही नव्हत्या. त्या असत्या तर मोजण्यात अर्थ नव्हता, आधी सोडवाव्या लागल्या असत्या.

आता गणित. आठ चौकोनांत ३२४, म्हणजे एका चौकोनात सरासरी ४०.५. एका चौकोनावरचा द्रव १ मिमी गुणिले १ मिमी गुणिले ०.१ मिमी, म्हणजे ०.१ मायक्रोलीटर. अशा १०,००० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून १०,००० नं गुणायचं. रंग एकास एक मिसळला होता, त्यामुळे सस्पेन्शन दुप्पट पातळ झालं. गुणक २, एक नाही. इथे पुष्कळजण गडबडतात.

४०.५ × २ × १०,००० = ८,१०,०००

मिलीला ८ लाख १० हजार जिवंत पेशी. एकूण ३४८ पैकी ३२४ जिवंत, म्हणजे सुमारे ९३ टक्के. ३२४ मोजल्यावर नुसत्या योगायोगाची चूक १८, साधारण साडेपाच टक्के असते. पिपेटची आणि चेंबर भरण्याची चूक त्यावर वेगळी. म्हणून वहीत ८.१ लाख लिहिलं. त्यापुढचे अंक लिहिण्यात काही हशील नाही.

सहा खणांना मिळून ६ लाख पेशी हव्या होत्या. ६ ला ८.१ नं भागलं, ०.७४ मिली सस्पेन्शन आलं. त्यात ११.२६ मिली मीडियम घालून १२ मिली केलं आणि दर खणात २ मिली टाकलं. पेशी इथेही खाली बसतातच, म्हणून दर दोन खणांनंतर ट्यूब पुन्हा उलटी-सुलटी करत गेले.