आमची वाटचाल: नोटीस वाचून घाबरू नका

मागच्या आठवड्यात पेपरात आमच्या मसाल्याच्या फर्मची जाहीर नोटीस आली आणि दुपारपर्यंत माझ्या फोनला उसंत नव्हती. "काकू, कंपनी विकली का?" "मावशी, तब्येत बरी आहे ना?" एका दुकानदाराने तर सरळ विचारलं, उरलेला माल आत्ताच उचलून ठेवू का. चाळणीवरच्या बायका मला काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी चहाला कोणी हसलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

कंपनी विकलेली नाही आणि बंदही होत नाही. मी निवृत्त होतेय, इतकंच. नोटीस दिली ती कायद्यापायी. भागीदार फर्ममधून बाहेर पडला तरी तसं जाहीर केल्याशिवाय पुढच्या देण्याघेण्याची जबाबदारी त्याच्यावरून उतरत नाही. नोंदणी झालेल्या फर्मला रजिस्ट्रारकडे कळवावं लागतं, राजपत्रात छापावं लागतं आणि जिल्ह्यात चालणाऱ्या मराठी पेपरातही द्यावं लागतं. वकिलांनी मसुदा केला, त्यात 'निवृत्त' हा शब्द एकदा आणि 'जबाबदार राहणार नाहीत' चार वेळा. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येईल नाहीतर काय होईल!

आम्ही तीन भागीदार होतो. मी, माझी सून आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा. मी गेल्यावर दोघं राहतात, त्यामुळे फर्म तीच राहते. तिचा पॅन तोच, जीएसटी नंबर तोच, पाकिटावरचा फूड लायसन्सचा नंबरही तोच. दोनच भागीदार असते आणि त्यातली मी उठले असते, तर फर्म मोडली असती. हे मला आधीच कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून जाऊबाईंच्या मुलाला तीन वर्षांपूर्वीच भागीदार करून घेतलं. ज्यांची दोघांची फर्म आहे त्यांनी हे आजच बघून घ्यावं. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

1997 साली कराडात आम्ही दोघी जावांनी एक डंक घेतला. लोखंडी उखळ, वर दोन मुसळं, मोटर फिरली की एक वर आणि एक खाली. आधी लोकांचं कांडप करायचो. चैत्र-वैशाखात बायका मिरच्या, धणे, खोबरं घेऊन रांगेत बसायच्या आणि आमच्या डोळ्यांतून अख्खा उन्हाळा पाणी वाहायचं. पुढे स्वतःचा कांदा-लसूण मसाला विकायला लागलो. पल्व्हरायझर घ्या, घ्या म्हणून अनेकांनी सांगितलं. घेतला नाही. पल्व्हरायझरमध्ये दळताना मसाला तापतो, वास तिथेच उडतो आणि खोबऱ्याचं तेल सुटून जाळीला लगदा बसतो. डंक हळू चालतो, पण माल गार ठेवतो. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, हे मिश्रण जाऊबाईंनी ठरवलं ते आजवर बदललेलं नाही आणि बदलणारही नाही.

आता 2008 सालाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय मी कुठे जाणार नाही.

त्या जूनमध्ये भारनियमन असं होतं की वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नव्हता. 70 किलो मिरचीचा घाणा लावला होता. आमच्याकडे किलो मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, अर्धा किलो कांदा आणि पाव किलोच्या आत लसूण पडतो. कांदा तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळतो, लसूण मात्र शेवटी कच्चाच कुटतो, कारण वास त्यात आहे आणि ओलही त्यातच आहे. लसूण आणि मीठ घातलं, डंक चार-सहा वेळा पडला आणि वीज गेली. पाच तास आली नाही. मीठ लसणाचं पाणी ओढून घेतं. उखळात आणि बाजूच्या परातींत तो ओला, अर्धवट कुटलेला ढीग तसाच पडून होता.

मध्यरात्री वीज आली. आम्ही रात्रभर कुटलं. नेहमीची रीत अशी की कुटलेला मसाला सुती कापडावर पातळ पसरायचा, रात्रभर गार करायचा, दुसऱ्या दिवशी चाळून गुठळ्या परत कुटायच्या आणि संध्याकाळी भरायचा. त्या पहाटे माल साडेसहाच्या एसटीने पाठवायचा होता. मी म्हटलं, भरा. ढिगाच्या वर हात ठेवला तर गार लागला. ढिगाच्या पोटात हात घातला असता तर आतली ऊब कळली असती. तो घातला नाही, आणि ही चूक माझी होती, बायकांची नाही. इतकी वर्षं हे कुठे लिहिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी पुण्याहून अण्णा आले. सदाशिव पेठेत त्यांची खानावळ होती. आमच्याकडून महिन्याला 15 किलोचे दोन डबे घ्यायचे. फोन न करता एसटीने स्वतः आले, मांडीवर डबा घेऊन. झाकण उघडून म्हणाले, "बघा." झाकणाच्या आत पाण्याचे थेंब आणि मसाल्यावर पांढरे ठिपके. जाऊबाई म्हणाल्या, मीठ वर आलं असेल. अण्णांनी चिमूट माझ्या बोटावर चोळली. मिठाचा खडा बोटाला खरखरीत लागतो. हे चुरगळून पसरलं आणि ओल्या बारदानाचा वास आला.

कोणत्या पाकिटात त्या घाण्याचा माल आहे हे आम्हाला सांगता येईना, कारण आम्ही पाकिटावर घाण्याचा नंबर टाकत नव्हतो. तारीखसुद्धा महिन्याची एकच. म्हणून सगळ्याच दुकानांतून सगळाच माल परत आणावा लागला, जवळजवळ 600 किलो. त्यातला तीन हिस्से बहुधा चांगला होता. सगळा खड्ड्यात पुरला. बुरशी वरवर दिसते तिथेच नसते. खरडून काढली, उन्हात टाकली, पुन्हा भाजली, तरी तिने सोडलेलं विष मालात राहतं. अफ्लाटॉक्सिन हा शब्द आम्ही त्या महिन्यात शिकलो.

आमचा माल तेव्हा जो वितरक उचलायचा, तो खड्डा खणायच्या आदल्या दिवशी आला. पुन्हा परतून द्या, हॉटेलांना अर्ध्या भावात खपवतो, असं म्हणाला. जाऊबाईंनी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात तालुकाभर बातमी पसरली की यांच्या मसाल्यात किडे निघाले. आणि आमच्या जागी दुकानाच्या फळीवर दुसरा मसाला बसला, आमच्यासारख्याच लाल-पिवळ्या पाकिटात. वर्ष झालं तरी त्याचा रंग तस्साच, कुंकवासारखा. गिऱ्हाईक मला विचारायचं, तुमचा का उतरतो? अहो, मिरचीचा रंग उजेडाने आणि दिवसांनी उतरतोच! ज्याचा उतरत नाही त्याच्याकडे संशयाने बघा. ग्लासभर पाण्यात चिमूटभर तिखट टाकून बघतात, रंगाच्या रेघा उतरल्या तर भेसळ. पण त्या परीक्षेत पाण्यात विरघळणारे रंगच सापडतात. सुदानसारखा तेलात विरघळणारा रंग त्या ग्लासात गप्प बसतो. त्याला प्रयोगशाळाच लागते. त्या दुसऱ्या मसाल्यात काय होतं ते मी तपासून घेतलं नाही, म्हणून काही म्हणत नाही. मनात काय आहे ते मनात आहे.

बायकांचे दोन महिन्यांचे पगार थकले. त्यातल्या चौघी आजही आमच्याकडे आहेत, त्यांना आठवत असेल. अण्णांनी सहा महिन्यांच्या मालाचे पैसे आगाऊ दिले. पावती मागितली नाही, व्याजाचं बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "डब्यावर नंबर टाका." तेव्हापासून प्रत्येक डब्यावर आणि पाकिटावर घाण्याचा नंबर आहे. दिवाळीत थकलेले पगार दिले. पुढची वर्षं बरी गेली, त्यांचं काय सांगायचं.

मग आता का सोडते? लोकांना वाटतं ठसक्यामुळे. ठसका तर पंचवीस वर्षांचा आहे, त्याचं काही नाही. यंदा माघात खोबऱ्याची चार पोती आली. मी नेहमीसारखी वाटी फोडून वास घेतला आणि चालेल म्हटलं. दुपारी चाळणीवरची सगळ्यात लहान पोरगी, तिला येऊन दोन वर्षंही झाली नाहीत, माझ्याकडे वाटी घेऊन आली. "मावशी, हे खवट लागतंय." मी पुन्हा वास घेतला. मला काही आला नाही. सुनेला दिलं, तिने तोंड वाकडं केलं. जाऊबाईंच्या मुलानेही. मग मी हिंगाचा डबा उघडला, आणि तोही मला लांबून आल्यासारखा लागला. दोन पोती परत पाठवली. डॉक्टर म्हणाले, वयाने आणि इतक्या वर्षांच्या मिरचीच्या धुळीने होतं, परत येईलच असं सांगता येत नाही.

मसाल्याच्या धंद्यात मालकाचं नाकच गेलं तर तो गल्ल्यावर बसू शकतो, खरेदीला जाऊ शकत नाही. आणि गल्ल्यावर बसायला मी कधी शिकलेच नाही. येत्या पाडव्यापासून मिरचीची खरेदी सून बघेल, डंक आणि घाणे जाऊबाईंचा मुलगा. खोबरं मात्र त्या पोरीने वास घेतल्याशिवाय आत जाणार नाही, हे मी दोघांकडून लिहून घेतलंय. पोरीचा पगारही वाढवलाय.

बायकांसाठी: तुमची कामाला लागल्याची तारीख बदलत नाही. ग्रॅच्युइटी त्याच तारखेपासून मोजली जाईल, पूर्ण झालेल्या वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. फर्म तीच आहे, त्यामुळे कोणी नवा अर्ज भरायचा नाही, राजीनामा द्यायचा नाही. कोणी भरायला सांगितलं तर आधी मला फोन करा.

दुकानदारांसाठी: भाव, पाकीट, उधारीची मुदत आहे तशीच. पाकिटाचा तळ बघा, घाण्याचा नंबर असेल. डबा आला की झाकणाची आतली बाजू बघा, थेंब दिसले तर तसाच परत करा, भाडं आमच्याकडे.

अण्णा आता नाहीत. खानावळ त्यांचा मुलगा चालवतो, नोटीस वाचून त्याचाही फोन आला. दोन डबे नेहमीप्रमाणे पाठवा म्हणाला, आणि एक जास्तीचा.

माझ्या नावावर कोणाचं जुनं देणं निघत असेल तर पाडव्याच्या आधी गाळ्यावर या, वही मी स्वतः घेऊन बसणार आहे. तो वितरकही वाचत असेल तर त्यानेही यावं. 2008 च्या मेमधले त्याच्याकडे आमचे अकरा हजार चारशे आहेत.