गुणिले 26 टक्के, आणि मग?

"असोसिएटचे अकाउंट्स त्यांच्या ऑडिटरने ऑलरेडी तपासलेत, नफ्याला आपल्या टक्क्याने गुणायचं, यात तुम्ही ऑडिट करता तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आर्टिकलशिपची पोरं विचारतात, क्लायंटचे सीएफओ तर दरवर्षी विचारतात, आणि फीचा विषय निघाला की जरा जास्तच जोरात विचारतात :)

तर गोष्ट अशी आहे की असोसिएट म्हणजे जिच्यात आपला वजनदार हिस्सा आहे पण ताबा नाही अशी कंपनी; त्या ऑडिटरने तिची वही तपासली, पण तुम्ही शेअर्स घेताना जी जास्तीची किंमत मोजलीत ती त्या वहीत नसतेच. ती फक्त तुमच्या कन्सॉलिडेशनच्या शीटमध्ये असते, म्हणजे ती बघायचं काम आमचंच.

आकडे घेऊनच बघू. समजा चाकणच्या एका कंपनीने रांजणगावातल्या एका अनलिस्टेड कंपनीचा 26 टक्के हिस्सा 30 कोटींना घेतला. रांजणगाववाल्यांची नेटवर्थ पुस्तकात 60 कोटी, पण प्लांटची खरी किंमत पुस्तकापेक्षा 10 कोटींनी जास्त, डिफर्ड टॅक्स वजा करून साडेसात. म्हणजे 67.5 कोटींचे 26 टक्के, साधारण साडेसतरा कोटी. उरलेले साडेबारा कोटी म्हणजे गुडविल, पण इंड एएस 28 या अकाउंटिंग स्टँडर्डप्रमाणे ते वेगळं दाखवत नाहीत, इन्व्हेस्टमेंटच्या कॅरिंग अमाउंटमध्येच, म्हणजे पुस्तकी किमतीतच, मुरलेलं असतं.

पहिल्या वर्षी त्यांना 8 कोटी नफा झाला. चाकणच्या अकाउंटंटने 2.08 कोटी घेतले आणि मोकळा झाला. पण त्या 10 कोटींच्या वाढीव प्लांटवर दहा वर्षं धरून वर्षाला एक कोटी घसारा बसतो, टॅक्स जाऊन 75 लाख, म्हणून नफा 7.25 कोटी धरायचा आणि आपला हिस्सा होतो साधारण 1.89 कोटी. शिवाय 52 लाख डिव्हिडंड आला तो कन्सॉलिडेटेडमध्ये उत्पन्न नाही, तो कॅरिंग अमाउंटमधून वजा होतो, आणि हा डिव्हिडंड अदर इन्कममध्ये जसाच्या तसा राहिलेला मी इतक्या ठिकाणी बघितलाय की आता पहिल्यांदा तिथेच बघतो.

आता खरी मजा इम्पेअरमेंटमध्ये, म्हणजे वसूल होणारी किंमत पुस्तकी किमतीच्या खाली गेली की दाखवायच्या घटीत. पुढच्या वर्षी रांजणगाववाल्यांचा मोठा कस्टमर गेला, 4 कोटी तोटा. घसारा धरून 4.75, आपला हिस्सा 1.24 कोटींच्या आसपास, कॅरिंग अमाउंट उरली 30.13 कोटी. मोठा कस्टमर जाणं म्हणजे घसरणीचा पुरावा समोर आहे, टेस्ट करावीच लागणार. मॅनेजमेंट म्हणालं, "अहो, त्यांच्या ऑडिटरने इम्पेअरमेंट बघितलंय, काही निघालं नाही." बरोबरच आहे, त्यांच्या पुस्तकात ते साडेबारा कोटी नाहीतच तर निघणार कुठून!

मग व्हॅल्युएशन आलं. डिस्काउंटेड कॅश फ्लोने 120 कोटी, त्याचे 26 टक्के 31.2, म्हणजे कोटभर शिल्लकच. रिपोर्ट चकचकीत, सही-शिक्का सगळं. पण 120 कोटी ही अख्ख्या धंद्याची किंमत होती आणि कंपनीवर 24 कोटींचं कर्ज होतं. आपला हिस्सा शेअर्समध्ये आहे, बँकेचे पैसे आधी जाणार. 96 कोटींचे 26 टक्के 24.96, म्हणजे 5.17 कोटींचं इम्पेअरमेंट. विकायला काढलं तर जास्त येईल का तेही बघावं लागतं, कारण वापरातली किंमत आणि विक्रीखर्च जाऊन येणारी किंमत यातली जास्त ती घेतात, पण इथे तसा कोणी गिऱ्हाईक नव्हता.

आणि कॅश फ्लोमध्ये नवा कस्टमर दोन वर्षांत मिळेल असं धरलं होतं. त्याची ऑर्डर, नाहीतर निदान सॅम्पल अप्रूव्हलचं पत्र मागायचं, नसेल तर तो कस्टमर एक वर्ष पुढे ढकलून आकडा परत काढायला लावायचा. अवघड एवढंच की 26 टक्केवाल्याचं ऐकतं कोण, बजेट मागितलं तर कधीकधी महिना जातो, म्हणून मी मार्च संपायची वाट न बघता जानेवारीतच यादी पाठवतो.

हे 5.17 कोटी अख्ख्या इन्व्हेस्टमेंटवर जातात, गुडविलच्या नावाने टाकत नाहीत, त्यामुळे पुढे किंमत सुधारली तर परत घेता येतात. आणि स्टँडअलोनमध्ये, म्हणजे चाकणवाल्यांच्या एकट्याच्या अकाउंट्समध्ये, इन्व्हेस्टमेंट कॉस्टला धरली असेल तर तिथे 30 कोटीच उभे आहेत, म्हणून तिथला फटका 5.04 चा. दोन्हीकडे सारखाच आकडा टाकून आणला तर शीट परत पाठवतो.